सगळे राजी असूनही बेकायदा

मद्रासच्या युनायटेड इंडिया लाइफ इन्शुरन्स या कंपनीच्या भागधारकांनी जुलै १९५५ मध्ये सभा घेऊन दोन लाख रुपयांची देणगी मंजूर केली. इंडियन ओव्हरसीज बँकेचे संस्थापक एम. सीटी. एम. चिदंबरम चेट्टियार यांच्या स्मरणार्थ एक ट्रस्ट निघणार होता. तांत्रिक आणि व्यापारी ज्ञानाचा, त्यातच विमा व्यवसायाच्या ज्ञानाचाही प्रसार करणे हे त्याचे उद्दिष्ट होते. पैसे भागधारकांच्या लाभांशासाठी बाजूला ठेवलेल्या खात्यातून द्यायचे ठरले आणि काही महिन्यांत ते ट्रस्टच्या हाती पडले. ट्रस्टींमध्ये मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्यासारखी माणसे होती. कोणी पैसा खाल्ला नव्हता, हेतू चांगला होता, ठराव रीतसर झाला होता.

पुढच्याच वर्षी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १ सप्टेंबर १९५६ रोजी देशातल्या आयुर्विमा कंपन्यांचा कारभार एलआयसीकडे आला. नव्या कायद्याने एलआयसीला मागे वळून पाहण्याचाही अधिकार दिला होता: १९ जानेवारी १९५६ च्या आधीच्या पाच वर्षांत एखाद्या कंपनीने व्यवसायासाठी वाजवी गरज नसताना कोणाला पैसे दिले असतील, तर ते परत मागता येत होते. एलआयसीने या दोन लाखांवर बोट ठेवले आणि प्रकरण नागपूरच्या आयुर्विमा न्यायाधिकरणापुढे गेले. न्यायाधिकरणाने ट्रस्टींना पैसे भरायला सांगितले. ट्रस्टी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९६२ मध्ये तिथेही हरले. ‘लक्ष्मणस्वामी मुदलियार विरुद्ध एलआयसी’ हा निकाल वकिलीच्या आणि कंपनी सेक्रेटरीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. कंपनीत पैसे गुंतवणाऱ्या सामान्य माणसानेही तो समजून घ्यावा असे मला वाटते. कंपनीच्या दोन मूळ कागदांची ताकद किती आणि ती कुठपर्यंत पोचते, हे त्यातून स्वच्छ दिसते.

पहिला कागद म्हणजे मेमोरँडम, मराठी पाठ्यपुस्तकांतले घटनापत्रक. कंपनीचे नाव, तिचे नोंदणीकृत कार्यालय कोणत्या राज्यात आहे, भागधारकांची जबाबदारी किती मर्यादित आहे, भांडवल किती आणि ती कोणत्या उद्देशांसाठी जन्माला आली, हे त्यात असते. दुसरा कागद म्हणजे आर्टिकल्स, म्हणजे नियमावली. शेअर कसे हस्तांतरित करायचे, संचालक कसे नेमायचे, सभा कशी बोलवायची, मत कसे द्यायचे हा आतला कारभार नियमावली सांगते. कंपनी नोंदवताना दोन्ही कागद रजिस्ट्रारकडे जातात आणि तिथे ते कोणालाही पाहता येतात. आज कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर किरकोळ शुल्क भरून घरबसल्या वाचता येतात. तरीही शेअर घेणाऱ्यांपैकी फार थोडे ते वाचतात, आणि भांडण निघाले की पहिल्यांदा तेच उघडावे लागतात.

मुदलियार खटल्यात ट्रस्टींच्या बाजूने तीन मुद्दे होते. तिन्ही वरवर पाहता पटण्यासारखे आहेत, म्हणून ते एकेक करून पाहू.

पहिला मुद्दा उद्देशांचा. घटनापत्रकात आयुर्विम्याचा व्यवसाय, कंपनीच्या निधीची गुंतवणूक अशी कामे लिहिली होती, आणि शेवटी नेहमीचे कलम होते: वरील उद्देशांना पूरक किंवा पोषक अशी इतर सर्व कामे. विम्याचे शिक्षण वाढले तर विमा कंपनीचेही भलेच होईल, म्हणजे देणगी पूरक कामात बसते, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने ट्रस्टची उद्दिष्टे वाचली. त्यांत विमा हा अनेक विषयांपैकी एक होता. ट्रस्टींनी सगळे दोन लाख विम्याशी काडीचाही संबंध नसलेल्या शिक्षणावर खर्च केले असते, तरी त्यांना कोणी अडवू शकले नसते. पूरक काम म्हणजे कंपनीच्या व्यवसायाशी ज्याचा जवळचा, दाखवता येईल असा संबंध आहे असे काम. कधीतरी, कुठल्या तरी वाटेने फायदा होईल ही आशा तिथे पुरत नाही.

दुसरा मुद्दा नियमावलीचा. धर्मादाय आणि सार्वजनिक कामांना वर्गणी देण्याचा अधिकार नियमावलीने संचालकांना दिला होता. पण नियमावली घटनापत्रकाच्या पोटातली आहे. घटनापत्रकाने जे कुंपण घातले, त्याच्या आत कारभार कसा करायचा एवढेच ती सांगू शकते. संचालकांना देणगीचा अधिकार आहे याचा अर्थ कंपनीच्या उद्देशांना धरून असलेल्या देणगीचा. उद्देशात नसलेली नवी वाट नियमावलीतून काढता येत नाही.

तिसरा मुद्दा माणसाला सर्वांत जवळचा वाटतो. पैसे लाभांशाच्या खात्यातले होते, म्हणजे भागधारकांचेच होते. त्यांनी ते आपल्या मर्जीने दिले, मग बिघडले कुठे? खाते कोणत्याही नावाचे असो, लाभांश जाहीर होईपर्यंत त्यातला पैसा कंपनीचा असतो, असे न्यायालयाने म्हटले. लाभांश जाहीर होऊन तो भागधारकांच्या हाती पडला असता आणि मग त्यांनी आपापल्या खिशातून ट्रस्टला दिला असता, तर कोणाचा आक्षेप चालला नसता. इथे देणारी कंपनी होती आणि कंपनीला ती ताकद नव्हती. म्हणून सर्वच्या सर्व भागधारक राजी असते तरी त्या ठरावात जीव आला नसता, आणि नंतर त्यांनी मान्यता दिली असती तरीही नाही.

हा कठोर नियम भारतीय न्यायालयांनी इंग्लंडमधून घेतला. १८७५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे ॲशबरी कंपनीचा खटला आला होता. रेल्वेचे डबे आणि सामग्री बनवणे, विकणे, भाड्याने देणे आणि यांत्रिक अभियंते व सर्वसाधारण कंत्राटदार म्हणून काम करणे हे तिचे उद्देश होते. तिने बेल्जियममध्ये रेल्वेमार्ग बांधण्याच्या कामात पैसा घालण्याचा रिश नावाच्या कंत्राटदाराशी करार केला आणि पुढे हात काढून घेतला. रिशने दावा लावला. ‘सर्वसाधारण कंत्राटदार’ या शब्दांत रेल्वे बांधणेही आले, असे त्याचे म्हणणे होते. लॉर्ड केर्न्स यांनी ते मानले नाही: हे शब्द यांत्रिक अभियंत्यांच्या शेजारी आहेत, तेव्हा त्यांचा अर्थ त्याच धंद्यापुरता घ्यायचा, नाहीतर कंपनी जगातले कोणतेही कंत्राट घेऊ शकेल आणि उद्देश लिहून ठेवण्यालाच अर्थ उरणार नाही. करार मुळातच शून्य ठरला. प्रामाणिकपणे काम करणारा रिश रिकाम्या हाती परतला.

रिशवर अन्याय झाला असे वाटणे साहजिक आहे. पण दुसऱ्या बाजूला कोण होते तेही पाहिले पाहिजे. मर्यादित जबाबदारीच्या कंपनीत भागधारकाचे नुकसान शेअरच्या रकमेपुरते असते, आणि धनको भागधारकांच्या घरादारावर हात टाकू शकत नाही. त्या सवलतीच्या बदल्यात कायद्याने सांगितले की हा पैसा कोणत्या कामात जाणार ते आधी लिहा आणि सगळ्यांना वाचता येईल असे ठेवा. डबे बनवणाऱ्या कंपनीत कोणी पैसे घातले ते डब्यांच्या धंद्याचा अंदाज घेऊन, आणि तिला लोखंड उधार देणाऱ्यानेही तोच धंदा पाहून उधारी दिली. या दोघांपैकी कोणीही बेल्जियममधल्या रेल्वेचा धोका पत्करलेला नव्हता. बहुमताने, अगदी एकमताने जरी तो धोका ओढवून घेता आला, तर सभेत ज्याला मतच नाही अशा धनकोचे काय?

मुंबईत हा प्रश्न त्याआधीच उठला होता. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, आणि १८६५ पर्यंतच्या काही वर्षांत शहरात कंपन्यांचे अमाप पीक आले. बुडबुडा फुटल्यावर, जहांगीर मोदी विरुद्ध शामजी लधा या १८६६-६७ च्या खटल्यात, एका भागधारकाने संचालकांनाच कोर्टात खेचले. कंपनीच्या पैशाने त्यांनी दुसऱ्या कंपन्यांचे शेअर घेतले होते आणि घटनापत्रकात त्याला जागा नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने हा पैसा संचालकांकडून वैयक्तिकरीत्या वसूल करण्याचा मार्ग मोकळा केला. उद्देशाबाहेर पैसा घालवणाऱ्या संचालकाला कंपनीच्या आड लपता येत नाही, हे तत्त्व तेव्हापासून आपल्याकडे आहे.

घटनापत्रक कंपनीला बांधते, तर नियमावली माणसांना. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १० सांगते की नोंदणी झाली की हे दोन्ही कागद कंपनीवर आणि प्रत्येक सदस्यावर बंधनकारक होतात, जणू त्या प्रत्येकाने त्यांवर सही केली आहे. बाजारातून दहा शेअर घेणाऱ्याने नियमावलीचे पानही उलटलेले नसते, तरी कायद्याच्या दृष्टीने त्याची सही तिच्यावर असते. तिच्यानुसार सदस्याने कंपनीला जे पैसे द्यायचे ते त्याचे कर्ज धरले जाते. तीन चतुर्थांश मतांच्या विशेष ठरावाने नियमावली बदलली, तर विरोधात मत दिलेल्यांवरही ती लागू होते. साधा करार दोन्ही बाजूंच्या मर्जीशिवाय बदलत नाही, हा बदलतो. कंपनीत शिरताना आपण नेमके काय स्वीकारतो ते इथे समजते.

ही बांधिलकी जेवढी घट्ट आहे, तेवढीच तिची हद्द काटेकोर आहे. नियमावलीत लिहिलेले बांधते. न लिहिलेले, कितीही पवित्र वचन असले तरी, बांधत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा ‘रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन’ हा १९९१ चा निकाल याचे उदाहरण आहे. तामिळनाडूतल्या दोन भावांची एक छोटी प्रायव्हेट कंपनी होती. एकूण शेअर पन्नास, प्रत्येक भावाच्या शाखेकडे पंचवीस. १९५१ मध्ये घरात तोंडी ठरले की दोन्ही शाखांचा वाटा कायम समान राहावा. कोणाला शेअर विकायचे असतील तर त्याने आधी आपल्याच शाखेतल्यांना विचारावे, आणि त्यांनी नको म्हटले तरच दुसरीकडे वळावे. दोन्ही भाऊ वारले. पुढे एका शाखेतल्या मुलाने आपले शेअर दुसऱ्या शाखेतल्या चुलत भावांना विकले. तराजू एका बाजूला झुकला आणि त्याच्या सख्ख्या भावंडांनी दावा लावला.

खालच्या न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने भावंडांचे म्हणणे मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवले. त्या कंपनीच्या नियमावलीत बाहेरच्या माणसाला सदस्य करून घेण्यावर बंधने होती. पण सदस्यांनी आपसात शेअर विकताना आधी आपल्या शाखेला विचारावे, असा नियम कुठेही नव्हता. शेअर ही मालमत्ता आहे, ती विकण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे आणि त्या हक्कावरचे बंधन नियमावलीत असले तरच मानायचे, असे न्यायालयाने ठरवले. घरात काय ठरले होते याने कंपनी बांधली जात नाही आणि भागधारकही नाहीत.

आपल्याकडच्या कुटुंबांच्या कंपन्या पाहिल्या की हा निकाल किती जवळचा आहे ते कळते. भावाभावांत, भागीदारांत समजूत असते, फार तर स्टँपपेपरवर लिहून कपाटात ठेवलेली. नियमावली मात्र सीएच्या ऑफिसातल्या नमुन्यावरून जशीच्या तशी उचललेली असते. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तयार नमुने आहेत. शेअरभांडवलाच्या मर्यादित कंपनीसाठी त्यांतला तक्ता ‘एफ’. ते उपयोगी आहेत, पण तुमच्या घरातली समजूत त्यांना ठाऊक नसते. रंगराज खटल्यातल्या दोन भावांनी एक विशेष ठराव करून ‘आधी शाखेला विचारायचे’ हे कलम नियमावलीत घातले असते आणि रजिस्ट्रारकडे नोंदवले असते, तर त्या कलमाविरुद्धचे हस्तांतरण कंपनीला नोंदवताच आले नसते. या निकालानंतर पब्लिक कंपन्यांबाबत बराच वाद झाला; मुंबई उच्च न्यायालयातच वेगवेगळी मते निघाली. शेवटी २०१३ च्या कायद्याने सांगितले की पब्लिक कंपनीच्या शेअरविषयी दोघांनी केलेला करार त्यांच्यात करार म्हणून चालेल. प्रायव्हेट कंपनीत मात्र शहाण्याने अजूनही आपली अट नियमावलीतच लिहावी.

दुसरी हद्द माणसाच्या भूमिकेची आहे. नियमावली सदस्याला बांधते आणि हक्क देते ते सदस्य म्हणून. इंग्लंडमध्ये इली नावाच्या वकिलाने एका विमा कंपनीची नियमावली स्वतः तयार केली आणि तिच्यात कलम घातले की कंपनीचा वकील इलीच असेल आणि गैरवर्तनाशिवाय त्याला काढता येणार नाही. नंतर त्याने कंपनीचे शेअरही घेतले. काही काळाने कंपनीने त्याला काम देणे थांबवले. १८७६ मध्ये तो हरला, कारण वकिलीचे काम मिळण्याचा हक्क सदस्यत्वाचा भाग नव्हता. त्यासाठी वेगळा करार करायला हवा होता. याउलट १९१५ च्या हिकमन खटल्यात मेंढ्यांची पैदास करणाऱ्यांच्या संस्थेच्या नियमावलीत लिहिले होते की सदस्य आणि संस्था यांच्यातले वाद लवादापुढे न्यायचे. आपल्या मेंढ्यांची नोंदणी आणि आपले सदस्यत्व यांवरून हिकमन थेट कोर्टात गेला. हे वाद सदस्याचेच होते, म्हणून कोर्टाने त्याचा दावा थांबवला.

हे आजही वारंवार घडते. नियमावलीत आपले नाव कायमचा संचालक म्हणून आहे, एवढ्यावर संस्थापक निर्धास्त असतो. पगार, कामाची मुदत, काढल्यास भरपाई यांचा वेगळा करार झालेला नसतो. वाद निघाला की सदस्य म्हणून त्याचे हक्क शाबूत असतात, पण नोकरीचे हक्क नियमावलीतून काढता येत नाहीत. शिवाय नियमावली विशेष ठरावाने बदलता येते. म्हणूनच नव्या कायद्याने एक सोय ठेवली आहे: काही कलमे विशेष ठरावापेक्षाही कडक अटींवरच बदलता येतील, अशी तटबंदी नियमावलीत घालता येते. प्रायव्हेट कंपनी स्थापनेनंतर अशी तटबंदी घालायची तर सर्व सदस्यांची संमती लागते. ज्याच्याकडे पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी शेअर आहेत आणि जो एकटा विशेष ठराव अडवू शकत नाही, त्याने पैसे घालण्यापूर्वीच ही अट मागावी.

आता अधिकाराबाहेरच्या कृत्यांकडे पुन्हा वळू, कारण सगळी अशी कृत्ये सारखी नसतात. संचालकांनी त्यांच्या अधिकाराबाहेर जाऊन काम केले, पण ते कंपनीच्या अधिकारात बसते, तर भागधारक सभेत त्याला मान्यता देऊ शकतात. नियमावलीच्या बाहेरचे काम असेल तर नियमावली बदलून पुढचा मार्ग सरळ करता येतो. घटनापत्रकाच्या बाहेरचे काम मात्र मेलेलेच राहते. कलम १३ खाली विशेष ठरावाने उद्देश बदलता येतात, पण ती दुरुस्ती पुढच्या कामांसाठी असते. लोकांकडून प्रॉस्पेक्टस काढून पैसे घेतलेल्या आणि ते पूर्ण न खर्चलेल्या कंपनीला तर त्यासाठी वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी लागते आणि विरोधी भागधारकांना बाहेर पडण्याची संधी द्यावी लागते.

इंग्लंडने २००६ च्या कायद्याने कंपनीच्या उद्देशांवरचे बंधन जवळजवळ काढून टाकले. कंपनीने स्वतः मर्यादा लिहिली नसेल तर तिचे उद्देश अमर्याद धरले जातात. आपण तसे केलेले नाही. घटनापत्रकाबाहेरचे कृत्य रोखण्यासाठी सदस्यांना कलम २४५ खाली न्यायाधिकरणात जाता येते. मात्र आता बऱ्याच कंपन्या उद्देशांची इतकी लांबलचक यादी लिहितात की कुंपण नावापुरते उरते. लहान भागधारकाच्या दृष्टीने हे वाईट आहे, कारण आपला पैसा कुठे जाणार याचा अंदाज घेण्याचे त्याचे एकमेव लेखी साधन त्यामुळे बोथट होते. देणग्यांबाबत कायद्यानेच आता वाट करून दिली आहे. कलम १८१ प्रमाणे संचालक मंडळ खऱ्याखुऱ्या धर्मादाय निधीला देणगी देऊ शकते. वर्षाची एकूण रक्कम मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या पाच टक्क्यांवर जाणार असेल तर सर्वसाधारण सभेची आधी परवानगी लागते.

ज्याने अशा कंपनीला पैसे दिले तो काय करू शकतो? नोंदणीकृत कागद सगळ्यांना खुले असल्याने ते त्याला माहीत आहेत असे कायदा धरून चालतो, म्हणून ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब चालत नाही. आतल्या सभेत ठराव रीतसर झाला की नाही याची चौकशी मात्र त्याने करायची नसते. १८५६ च्या टर्क्वांड खटल्यापासून ते ओझे कंपनीवर आहे. म्हणजे संचालकांनी आवश्यक ठराव न करताच कर्ज घेतले, तर बँक सुरक्षित राहते. कर्ज उद्देशाबाहेरचे असेल तर नाही. तेव्हा बँकेला कर्ज म्हणून दावा लावता येत नाही. पण दिलेला पैसा किंवा त्यातून घेतलेली वस्तू कंपनीकडे ओळखता येईल अशी शिल्लक असेल, तर ती परत मागता येते. आणि त्या पैशाने कंपनीने आपली कायदेशीर देणी फेडली असतील, तर त्या फिटलेल्या धनकोंच्या जागी उभे राहून बँक तेवढी रक्कम वसूल करू शकते. म्हणून कंपनीला कर्ज देणारी बँक सह्या घेण्यापूर्वी घटनापत्रकाची प्रत मागवते आणि त्यातले उद्देशांचे आणि कर्ज काढण्याचे कलम शब्दशः वाचते.